ओट्याला एक भोक

बुलढाणा जिल्ह्यात माणसं दोन प्रकारची असतात, घाटावरची आणि घाटाखालची. बुलढाणा, चिखली, मेहकर ही मंडळी घाटावर. आम्ही नांदुरा, मलकापूर, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदचे लोक खाली. दोघांची बोली थोडी वेगळी, ऊन बरंच वेगळं आणि पाणी तर अगदीच वेगळं. घाटावरचा पाहुणा खाली आला, की तांब्यातला पहिला घोट तोंडातच धरून यजमानाकडे बघत बसतो. गिळावा तर जिभेचा विरोध, थुंकावा तर सोयरिकीचा प्रश्न. पूर्णेच्या खोऱ्यात बुलढाणा, अकोला आणि अमरावती अशा तीन जिल्ह्यांत जो खारपाणपट्टा पसरला आहे, त्यात आमचा नांदुरा येतो. जमिनीखालचं पाणीच खारट. यावरून घाटावरच्यांनी फार मिरवू नये असं मला वाटतं, कारण जगात नाव झालेलं खारं पाणी त्यांच्याच लोणारला आहे. पण लोणारच्या पाण्यात कुणी वरण शिजवत नाही, एवढा मुद्दा त्यांच्या बाजूचा आहे.

आमच्या घरात तो मुद्दा रोज मांडला जातो, कारण हिचं माहेर चिखलीचं. वरण शिजलं नाही की दोष तुरीचा नसतो, कुकरचाही नसतो, नांदुऱ्याचा असतो. भिंतीवर एक जुना आरओ होता. त्याच्या पोटातलं पाणी दिसायचं, निळा दिवा लागायचा आणि रात्री दोन वाजता तो आपोआप घरघरायचा. जानेवारी 2025 मध्ये शेजारच्या शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले, तेव्हा सगळ्यांचा पहिला संशय पाण्यावर गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. गव्हाला आरओ बसवता येत नाही, त्यामुळे त्याबद्दल फारसं करण्यासारखं नव्हतं. पाण्याबद्दल मात्र होतं. त्यातच स्वयंपाकघराचा नवा ओटा झाला होता, भिंतीला नव्या टाइल्स लागल्या होत्या, आणि त्या टाइल्सना भोकं पाडायची नाहीत असा हिचा हुकूम होता. पुण्याच्या मुलाने फोनवर सांगितलं, "बाबा, आता सगळे सिंकखाली लावतात. वर फक्त एक छोटा नळ दिसतो." टाइल्स वाचल्या म्हणून ही खूश झाली. ग्रॅनाइटला भोक पाडावं लागणार हे मुलाने सांगितलं नव्हतं.

सिंकखाली लावायचं हे बोलायला सोपं असतं. मराठी घरातल्या ओट्याखाली जाऊन एकदा बघावं. आमच्याकडे तिथे तेलाचा पंधरा किलोचा डबा, कांदे-बटाट्याची टोपली, कचऱ्याचा डबा, धुणीभांड्याची पावडर, लग्नात आलेलं आणि अजून खोक्यात असलेलं एक सँडविच टोस्टर, आणि पलीकडच्या कप्प्यात गॅसचं सिलिंडर अशी वस्ती होती. यांच्यात आरओची पेटी आणि त्याच्याबरोबर येणारा पाण्याचा बंद ड्रम, असे दोन नवे रहिवासी घुसवायचे होते. टोस्टरला तेव्हा कुठे माळ्यावर जागा मिळाली.

सिलिंडर मात्र गंमत नाही. आरओला पंप असतो, पंपाला चोवीस व्होल्टचा अ‍ॅडाप्टर आणि अ‍ॅडाप्टरला भिंतीतला प्लग. बसवायला आलेला पोरगा तो प्लग ओट्याखालीच, सिलिंडरच्या कप्प्याशेजारी घ्यायला निघाला होता. घरगुती गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर जात नाही, खाली ओट्याच्या पोटातच साचतो आणि बटणाच्या एका ठिणगीची वाट बघतो. प्लग वर, मिक्सरच्या प्लगाशेजारी घेतला आणि फक्त बारीक वायर खाली सोडली. पोरगा म्हणाला, "काका, वायर दिसंल." दिसू दे म्हटलं.

मग प्रश्न आला, पाणी घ्यायचं कुठून? इथे बसवणाऱ्याचा नियम साधा असतो: जो पाइप जवळ, त्याचं पाणी. सिंकखाली सिंकच्या नळाचा अँगल कॉक असतो. त्याच्यावर अर्ध्या इंचाचा तीन तोंडांचा व्हॉल्व बसवायचा आणि त्याच्या बाजूच्या तोंडातून पाव इंची नळी काढायची. दहा मिनिटांचं काम. पण आमच्या गावात घरोघरी दोन पाणी असतात. पालिकेचं पाणी येईल त्या दिवशी अंगणातल्या हौदात घेतात, आणि बोअरचं पाणी मोटारीने गच्चीवरच्या टाकीत चढतं. सिंकच्या नळाला गच्चीचं, म्हणजे बोअरचं पाणी. म्हणजे जवळचा पाइप धरला की घरातलं सगळ्यात वाईट पाणी आपण स्वतःहून आरओच्या तोंडी देतो.

आमच्या मेव्हण्याने पाण्यात बुडवून टीडीएस मोजायचं यंत्र भेट दिलं होतं. पाण्यात विरघळलेलं मीठ, चुना वगैरे सगळं मिळून लिटरमागे किती मिलिग्रॅम, याचा तो अंदाजी आकडा. बोअरचं पाणी निघालं 1640, हौदातलं 290. भारतीय मानक सांगतं की पिण्याच्या पाण्यात हा आकडा पाचशेपर्यंत बरा, आणि दुसरं पाणीच मिळत नसेल तर दोन हजारांपर्यंत चालवून घ्या. हे दुसरं वाक्य खारपाणपट्ट्यासाठीच लिहिलंय अशी माझी समजूत आहे. आईने ते यंत्र हातात घेऊन वरणात बुडवायचा प्रयत्न केला, तेव्हापासून ते कपाटात असतं.

हौदाचं पाणी ओट्यापर्यंत आणायचं, तर ते आधी वर चढवायला हवं. गच्चीवर एक दोनशे लिटरची छोटी टाकी ठेवली आणि तिची वेगळी लाइन ओट्याखाली उतरवली. बोअरची लाइन होतीच. दोन्हींना कॉक, दोन्हींना उलटं पाणी जाऊ न देणारा व्हॉल्व, आणि पुढे एकच नळी आरओला. तो उलट व्हॉल्व लोक पैशापायी गाळतात. मग कधीतरी दोन्ही कॉक उघडे राहतात आणि बोअरचं पाणी गुपचूप गोड्या टाकीत जाऊन बसतं. पालिकेचं पाणी असेल तोवर ते, उन्हाळ्यात ते बेपत्ता झालं की बोअर. गच्चीवरच्या टाकीचा जोर आरओला पुरत नाही. टाकी नळापेक्षा तीन मीटर उंच असली, तरी दाब मिळतो जेमतेम चार पीएसआय, आणि पडद्यातून पाणी ढकलायला साठच्या पुढे लागतात. पाणी जितकं खारं, तितका जोर जास्त. वीज गेली की पंप बंद आणि पाणी गाळणंही बंद, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही.

इथवर सगळं ठीक होतं. नळ निवडायची वेळ आली आणि घराचे तट पडले.

मुलाने फोटो पाठवले होते. त्यांत एकच मोठा नळ होता, त्याला दोन दांड्या, एका दांडीतून भांड्यांचं पाणी, दुसरीतून पिण्याचं. दिसायला छान. पण आमच्याकडे येणारा पाहुणा दांडी बघून नळ उघडत नाही, हात जाईल तिथे उघडतो. शिवाय तोंड एकच असेल तर त्या तोंडाशी बोअरचा पांढरा थर बसणार आणि गोडं पाणी त्याच तोंडातून बाहेर पडणार. वेगळा छोटा नळ घ्यायचा हे ठरलं, आणि आम्ही खामगावला गेलो.

हार्डवेअरच्या दुकानात आरओचा नळ मागितला की दुकानदार दोन नळ काढतो. एक बुटका, एक लांब वाकड्या मानेचा. दोन्ही चकाकतात. आमच्या दुकानदाराने खिशातून लोहचुंबक काढलं, नळाला लावलं, ते चिकटलं नाही, आणि तो विजयी मुद्रेने म्हणाला, "बघा, अस्सल स्टील." चुंबक चिकटलं नाही यावरून नळ लोखंडी नाही इतकंच कळतं. पितळेलाही ते चिकटत नाही, आणि स्वस्त नळ ज्या जस्ताच्या मिश्रधातूचे ओततात त्यालाही नाही. तो धातू वर क्रोमचा मुलामा देऊन विकतात, आणि मुलामा आतून नसतो. साध्या पाण्याला हे एकवेळ चालतं. आरओतून निघालेल्या पाण्यातले क्षार काढून टाकलेले असतात. असं पाणी रात्रभर नळात उभं राहिलं तर धातूतून काहीतरी उचलतं. म्हणून 304 चं स्टील, किंवा शिसं नसलेलं पितळ, हे खोक्यावर छापलेलं असेल तोच नळ घ्यावा. आणि घेतल्यावरही सकाळचं पहिलं पाणी दोन-चार सेकंद सिंकमध्ये सोडावं. नळ हातात घेऊन वजन बघणं ही आपली जुनी पद्धत आहे. ती चुंबकापेक्षा बरी.

दुसरी गोष्ट दांडीची. छोट्या नळांत एक काळी खटकी असते. खाली दाबली तर धरून ठेवाल तोवर पाणी येतं, वर उचलली तर चालूच राहतं. ग्लासभर पाण्याला हे उत्तम. पण आमच्या आईच्या पिढीचा हात नळ नुसता बंद करत नाही, आवळून बंद करतो. चाकीचा रबरी वायसरवाला नळ तिच्या हाती दिला तर सहा महिन्यांत रबर कापलं जातं आणि नळ ठिबकायला लागतो. आरओच्या नळाचं ठिबकणं साध्या नळासारखं नसतं. खालच्या ड्रममधला दाब कमी होतो, पंप चालू होतो, थोड्या वेळाने थांबतो, परत चालू होतो. रात्री ओट्याखालून दर थोड्या वेळाने असा आवाज आला तर भूत नाही, वरचा नळ ठिबकतोय. आम्ही पाव वळणात उघडणारा, आत सिरॅमिक चकत्या असलेला नळ घेतला. त्याला आवळायला जागाच नसते. आईने पहिल्या दिवशी तरी प्रयत्न करून पाहिला.

तिसरी गोष्ट मानेच्या उंचीची, आणि इथे मुलाचे फोटो निरुपयोगी ठरले. शहरातले लोक ग्लासने पाणी पितात आणि ग्लासनेच घेतात. आमच्याकडे पाणी भरतात. आईचा दिवस कळशी भरल्याशिवाय सुरू होत नाही. कळशी सिंकच्या कडेला, ओट्यावर ठेवायची आणि तिच्या तोंडात नळाचं तोंड यायला हवं. घरातली कळशी मोजली. तिच्या उंचीपेक्षा नळाची धार वरून पडायला हवी, आणि मान फिरली तर सिंकमध्येही पडायला हवी. बुटका नळ तिथेच बाद झाला. दुकानात कळशी घेऊन गेलो असतो तर दुकानदार हसला असता, म्हणून टेप घेऊन गेलो. त्यालाही तो हसलाच.

दुकानात एक तिसरा नळही होता, कोपऱ्यात, धुळीत. त्याला खाली एक नाही, तीन नळ्या. दुकानदार म्हणाला, "हा कोनी घेत नाई, भोकातून पानी येते अशी तक्रार असते." ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आरओचं टाकाऊ पाणी नळाच्या बुडातून हवेत एकदा उघडं पडतं आणि मग गटाराच्या पाइपात जातं, म्हणजे सिंक तुंबलं तरी गटाराचं पाणी उलटं यंत्रात चढत नाही. पाइप चोंदला की ते पाणी ओट्यावर येतं, आणि तो त्याचा निरोप असतो. कल्पना चांगली आहे. पण आम्ही टाकाऊ पाणी बादलीत घेणार होतो, म्हणून तो नळ त्याच्या धुळीसह तिथेच राहिला.

नळ घरी आला आणि प्लंबरभाऊंनी ओट्याचा काठ ठोकून बघितला. ठोकताच त्यांचा चेहरा बदलला.

"भाऊ, वर ग्रॅनाइट हाय. बुडात काय हाय?"

बुडात कडप्पा होता. आपल्याकडे ओटा असाच बांधतात. खाली कडप्प्याची फरशी, तिच्यावर सिमेंटचा थर, त्यावर ग्रॅनाइट. वरून दिसतं ते अठरा मिलिमीटर. मधला थर धरा दहा, कडप्पा पंचवीस. झाले त्रेपन्न. नळाच्या बुडाला जो आट्याचा दांडा असतो, तो भोकातून खाली उतरतो आणि खालून वायसर व नट लावून नळ घट्ट होतो. आमच्या नळाचा दांडा होता पंचेचाळीस मिलिमीटर. म्हणजे भोक पाडलं असतं, नळ बसवला असता, आणि खाली नट लावायला दांडा बाहेरच आला नसता. प्लंबरभाऊंच्या शब्दांत, "नय बसंल, पन धरायले जागा नाई." परदेशी ओटे बहुधा एकाच दगडाचे असतात, म्हणून दांडा तेवढाच देतात. खोक्यावर नळाचा रंग, चमक, हमी सगळं मोठ्या अक्षरांत असतं. दांड्याची लांबी मात्र खोकं फोडून आतल्या कागदावर शोधावी लागते.

यावर उपाय दोन. सिंकला स्वतःची रुंद स्टीलची कड असेल तर नळ त्या कडेवर बसवावा. तिथे जाडी मिलिमीटरभर, दांडा कितीही पुरतो. फक्त पत्रा पातळ म्हणून नळ हलू नये यासाठी खालून मोठी चकती घालावी लागते. आमचं सिंक ग्रॅनाइटच्या खालून लावलेलं, त्याला वर कडच नाही. मग दुसरा उपाय. वरून बारीक भोक आरपार, आणि खालून कडप्प्यातलं तेच भोक मोठं करायचं, इतकं की नट आणि पाना आत जाईल आणि नट थेट ग्रॅनाइटच्या बुडाला टेकेल. हे दुसरं काम ओट्याखाली उताणं झोपून करावं लागतं, आणि सगळी भुकटी तोंडावर येते. प्लंबरभाऊंनी सहायक म्हणून आपला भाचा आणला होता, तो का आणला हे तेव्हा कळलं.

जागा निवडताना प्लंबरभाऊंनी सिंकच्या कडेपासून पाच सेंटिमीटर लांब खूण केली. हिला नळ अजून जवळ हवा होता. सिंकसाठी कापलेल्या भोकाच्या आणि नव्या भोकाच्या मध्ये दगडाची नुसती पट्टी उरली तर तीच तडकते, हे त्यांनी तिला दोन बोटं दाखवून समजावलं. मग खाली वाकून बघितलं, की खुणेच्या बरोबर खाली ओट्याचा आधार किंवा ट्रॉलीची पट्टी तर नाही. हे आधी बघणारा प्लंबर मिळणं भाग्याचं.

ग्रॅनाइटला साधं बिट चालत नाही, आणि ड्रिलचा हातोडा तर मुळीच नाही. डायमंडचं पोकळ बिट, आमच्या दांड्याला बारा मिलिमीटरचं, वेग कमी, आणि सतत पाणी. पाणी नसेल तर बिट तापतं, त्याची धार जळते आणि दगडही तडकू शकतो. पण सपाट ओट्यावर पाणी टिकवायचं कसं? प्लंबरभाऊ म्हणाले, "वैनी, जराशी कनीक द्या." कणकेचं छोटं आळं खुणेभोवती केलं, त्यात पाणी भरलं, आणि बिट त्यात उतरलं. आईला कणीक वाया गेल्याचं दुःख झालं, ती त्यानंतरचा सगळा वेळ त्या आळ्याकडे बघत होती. बिट सुरुवातीला तिरकं धरायचं, दगडावर चंद्रकोरीसारखी खाच पडली की सावकाश उभं करायचं, म्हणजे ते घसरत नाही. करडा चिखल वर येतो. शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरला जोर काढून घ्यायचा, नाहीतर खालून दगडाची खपली उडते. हे सगळं होईपर्यंत घरात कुणी बोललं नाही. भोक पडल्यावर गाभ्याचा जो गोल तुकडा निघाला, तो नातवाने ताबडतोब ताब्यात घेतला.

नळ्या जोडणं हे सगळ्यात हलकं काम, आणि म्हणून तिथेच सगळे घसरतात. नळी विळीवर किंवा कात्रीने कापली की तोंड चेपतं आणि तिरकं होतं. ढकलून बसवायच्या जोडात आत एक रबरी कडी असते, तिच्याभोवती तिरकं तोंड नीट बसत नाही, आणि मग थेंब सुरू होतो. तोंड ब्लेडने काटकोनात कापावं. टोकापासून दीड सेंटिमीटरवर पेनने खूण करावी आणि नळी ढकलावी. आधी एकदा अडते, लोक तिथे थांबतात. अजून जोर लावला की ती रबराच्या पलीकडे जाते आणि खूण दिसेनाशी होते. मग उलटी ओढून बघावी, आणि निळी क्लिप लावावी. थेंब दिसला की सगळ्यांना टेफलॉन टेप आठवतो. टेप आट्यांवर, म्हणजे तीन तोंडांच्या व्हॉल्ववर. ढकलून बसवायच्या जोडात त्याचं काही काम नाही, आणि नळाच्या बुडाशी पितळी कडी दाबून जो जोड होतो तिथेही नाही. प्लंबरभाऊंच्या भाच्याने तरीही उरलेला टेप मायेने एका जोडावर गुंडाळलाच.

टाकाऊ पाण्याची नळी गटाराच्या पाइपाला भोक पाडून जोडा असं माहितीपत्रकात चित्र होतं. चित्रातला पाइप गुळगुळीत आणि वाकलेला. आमच्या सिंकखाली चुण्याचुण्यांचा लवचीक पाइप, तो कसाही वळतो आणि जमिनीतल्या भोकात नुसता खुपसलेला असतो. त्या चुण्यांवर कुठलाही क्लॅम्प पाणी न गळता बसत नाही. म्हणून बादली. नळीचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडू द्यायचं नाही, वर ठेवायचं. बोअर चालू असताना पडद्यापलीकडच्या पाण्याचा आकडा येतो एकशे चाळीसच्या आसपास, आणि तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी पाणी प्यायला मिळतं. बाकीच्यात जवळजवळ सगळं मीठ जातं, म्हणून त्या बादलीचा आकडा बाविसशेच्या पुढे. ते संडासात ओतायला, अंगण धुवायला ठीक. फरशी पुसली की पांढरे ओघळ राहतात. तुळशीला घालू नये. आईने बादलीतलं पाणी तुळशीला घातलं नाही, पण शेजारणीच्या कडुलिंबाला घातलं आणि कडुलिंबाला काहीच झालं नाही, हे ती मला वारंवार ऐकवते. कडुलिंब आहे तो.

पहिले दोन ड्रम भरून सोडून द्यायचे असतात, पडद्यावरचं रसायन आणि कोळशाची काळी भुकटी जाण्यासाठी. ड्रमबद्दल मात्र कुणी काही सांगत नाही. नाव बारा लिटरचं, पण आत रबरी पिशवी आणि तिच्या बाहेर हवा असते, त्यामुळे हाती लागतं सात-आठ लिटर. हवाच पाण्याला नळापर्यंत ढकलते. आईची कळशी अकरा लिटरची. पहिली सात लिटर झोकात आली, मग धार बारीक झाली, आणि आई म्हणाली, "आता काय गयते हा, थेंबथेंब?" यंत्राचं काम ताशी दहा-बारा लिटरचं, तेही कागदावर आणि गोड्या पाण्यात. कळशी आता दोन हप्त्यांत भरते, पहिला चहाआधी आणि दुसरा पूजेनंतर.

काही महिन्यांनी धार सुरुवातीपासूनच बारीक यायला लागली. ड्रम उचलून बघितला तर जड, म्हणजे पाणी आहे, ढकलणारी हवा नाही. ड्रमच्या बुडाला मोटरसायकलच्या चाकाला असतो तोच व्हॉल्व असतो. नळ उघडून ड्रम पूर्ण रिकामा केला आणि पंक्चरवाल्याकडे नेला. रिकाम्या ड्रमात सात पीएसआय हवा लागते. पंक्चरवाल्याने सवयीने पुढच्या चाकाएवढी भरून दिली, आणि बोनस म्हणून थोडी जास्त. इतकी हवा असली की आत पाण्याला जागाच राहत नाही. ड्रम फुगून बसला, पाणी घेईना. परत नेऊन हवा काढली तेव्हा पंक्चरवाला म्हणाला, "सात? सातवर तं सायकलबी चालत नाई."

पावसाळ्यात उंदीर येतात. त्यांना पाव इंची नळी आवडते. नळ्या जमिनीवर न सोडता वर, कडक पाइपातून ओवून घेतल्या, आणि गावाला जाताना दोन्ही लाइनींचे कॉक बंद करायची सवय लावली.

मागच्या महिन्यात बुलढाण्याहून साडू आले. त्यांना पिण्याचा नळ वेगळा आहे हे सांगितलं, तरी त्यांनी त्याच नळाखाली हात धुतले, पाय धुण्याइतका वेळ. मग पाणी प्यायले आणि म्हणाले, "पाणी मस्त आहे. आमच्याकडेही बसवतो." मी म्हटलं, तुमच्याकडे येळगावच्या धरणाचं पाणी येतं, मोजून बघा, तीनशेच्या आत निघेल. हरित लवादाने 2019 मध्येच सांगितलंय की पाचशेच्या आत असेल तिथे आरओ लावू नका. जंतूंसाठी यूव्हीचं साधं यंत्र लावलं तरी पुरे, पाणीही वाया जाणार नाही. साडूंनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"ते खरं," ते म्हणाले. "पण आमच्या शेजाऱ्यांच्या ओट्यावर दोन नळ आहेत."

यावर मला काही बोलता येईना. मी फक्त विचारलं, तुमच्या ओट्याच्या ग्रॅनाइटखाली कडप्पा आहे का.